रात्रे जम्या पछी

एका गुजराती आजींच्या औषधांच्या पिशवीतून महिन्याभरानंतर कोलेस्टेरॉलची पट्टी निघाली ती जशीच्या तशी, एकही गोळी न फोडलेली. बाकीच्या पट्ट्या वेळच्या वेळी संपलेल्या होत्या. पिशवीतल्या कागदावर गुजरातीत, ठळक अक्षरात, कुणीतरी मनापासून लिहून दिलं होतं: ‘रात्रे सूतां पहेलां 1 गोळी’. भाषांतरात खोट काढायला जागा नव्हती. अक्षर सुवाच्य होतं, शब्द रोजचे होते, आजींना वाचता येत होतं, आणि त्या काही विसरल्याही नव्हत्या. त्या जैन होत्या, चौविहार करत होत्या. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाण्याचा घोटही नाही. झोपायच्या आधी घ्यायची गोळी कशाबरोबर गिळायची हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही, कारण डॉक्टरांनी सांगितलंय म्हणजे विचार करूनच सांगितलं असेल, आणि व्रत तर मोडायचं नाही. दोन्हींचा मान राखायचा तर पट्टी तशीच ठेवायची, हा मार्ग त्यांनी आपल्या मनाशी काढला होता.

कागद बरोबर होता आणि गोळी पोटात गेली नव्हती.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिवस अगदी आटोपशीर असतो. 1-0-1 म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ‘एचएस’ म्हणजे झोपताना, ‘बीबीएफ’ म्हणजे नाश्त्याच्या आधी, ‘एसओएस’ म्हणजे लागली तरच. गुजरातीत उतरवताना पहिला मोह होतो तो या खुणांना सरळ एकेक शब्द देण्याचा: सवारे, बपोरे, सांजे, रात्रे. हे शब्द चांगलेच आहेत, सगळ्यांना कळतात. पण त्यातला ‘रात्रे’ कधी सुरू होतो हे घराघरावर ठरतं. सौराष्ट्राकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून शिरामण, बपोरा, रोंढो आणि वाळु अशी दिवसाची खाणी असतात. शिरामण सकाळचं, बपोरा दुपारचं, रोंढो तिसऱ्या प्रहराचं, वाळु संध्याकाळचं. वाळु सातच्या आत उरकलं, तर त्यांच्या लेखी ते ‘सांजे’ झालं, आणि मग ‘रात्रे जम्या पछी’, म्हणजे रात्री जेवल्यावर, असं कोणतं जेवणच उरत नाही. मुंबईत तर आणखी एक पदर आहे. इथल्या पुष्कळ गुजराती म्हणवणाऱ्या घरांची बोली कच्छी असते. त्यांना गुजराती वाचता येतं, पण घरातलं बोलणं वेगळं. म्हणून लिहायला बसण्याआधी एक साधी चौकशी करावी लागते: सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तोंडात काय जातं, शेवटचं जेवण कधी होतं, आणि त्यानंतर पाणी चालतं का. या तीन उत्तरांशिवाय लिहिलेला कागद कितीही सोपा केला तरी तो दुसऱ्याच कुणाच्या दिवसाचा असतो.

त्याच आजींच्या चिठ्ठीसारखी एक चिठ्ठी समोर धरून बघू. थायरॉक्सिन 50 मायक्रोग्रॅम, सकाळी उपाशीपोटी. डायाबिटीससाठी मेटफॉर्मिन एसआर 500, 1-0-1, जेवणानंतर. कोलेस्टेरॉलसाठी अॅटोर्वास्टॅटिन 10, झोपताना. आणि संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट 2.5 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, आठवड्यातून एकदा. चारच ओळी आहेत, आणि चारही वेगवेगळ्या कारणांनी फसू शकतात.

सुरुवात चौविहारापासून. इथे भाषांतर करणाऱ्याच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे आधी नीट कळायला हवं. वेळ बदलणं हे त्याचं काम नाही. झोपतानाची गोळी संध्याकाळी सहाला घ्या, असं स्वतःच्या अकलेनं लिहिणं म्हणजे डॉक्टरांची सही खोटी करण्यासारखं आहे. त्यानं करायचं ते एवढंच, की अडचण नेमक्या शब्दांत डॉक्टरांपर्यंत पोचवायची: या आजी सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत, रात्रीच्या दोन गोळ्या कधी द्यायच्या? बहुतेक वेळा हा प्रश्न दोन मिनिटांत सुटतो. अॅटोर्वास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतं, त्यामुळे ते दिवसाच्या कुठल्याही ठराविक वेळी घेतलं तरी चालतं. मेटफॉर्मिनला जेवणाची सोबत हवी असते, घड्याळातल्या नवाची नाही. डॉक्टर दोन्ही गोळ्या संध्याकाळच्या जेवणानंतर द्यायला हो म्हणाले, की मग लिहायचं. पण लिहिताना तरी ‘सांजे 7 वागे’ लिहावं का? मुंबईत जूनअखेर सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास. पावसाळ्यात बरोबर असलेला कागद हिवाळ्यात चुकीचा ठरेल, आणि गोळी पुन्हा पट्टीतच राहील. म्हणून घड्याळ बाजूला ठेवून, ज्या खुणेवर त्यांचा दिवस चालतो तीच खूण लिहायची: ‘सूरज आथमे ते पहेलां, जम्या पछी’.

उपवासाचं मात्र इतकं सहज सुटत नाही. पर्युषणात, म्हणजे जैनांच्या व्रतांच्या दिवसांत, एकासणुं असेल तर दिवसाला एकच जेवण, उपवास असेल तर फक्त उकळलेलं पाणी. चिठ्ठीत ग्लिमेपिराइडसारखी, साखर खाली खेचणारी गोळी असेल आणि ती न जेवता घेतली गेली, तर घाम फुटून, हातपाय थरथरून माणूस कोसळू शकतो. ‘नास्ता पहेलां’ असं लिहिलेलं असलं आणि नाश्ताच होणार नसला, तरी शिस्तीची माणसं गोळी तेवढी वेळेवर घेतात. त्या दिवसांसाठी डॉक्टरांकडून वेगळं वाक्य मागून घ्यावं आणि ते कागदावर ‘उपवासना दिवसे’ अशा वेगळ्या मथळ्याखाली लिहावं. वाक्य मिळालं नसेल तर ती जागा मोकळी ठेवून ‘डॉक्टरने पूछीने’ असं स्पष्ट लिहावं, पण अंदाज लिहू नये.

थायरॉइडच्या गोळीसाठी गुजरातीत एक फार नेमका जुना शब्दप्रयोग आहे, ‘नरणा कोठे’. सकाळी उठल्यापासून पोटात काही गेलेलं नाही, अशी ती अवस्था. ‘खाली पेटे’ म्हटलं तर दुपारी चारलाही पोट रिकामं असू शकतं. ‘नरणा कोठे’ म्हटलं की सकाळच कळते. तरीही एक फट राहतेच, आणि ती चहाची. पुष्कळ वृद्धांच्या हिशेबात चहा म्हणजे खाणं नव्हे. नाश्ता झाला नाही म्हणजे पोट नरणंच आहे, आणि मग गोळी चहाबरोबर घेतली तर बिघडलं कुठे? बिघडतं ते असं, की खाण्यापिण्याबरोबर घेतल्यावर हे औषध आतड्यातून नीट शोषलं जात नाही. रक्ताच्या तपासणीत टीएसएच हा थायरॉइडचा आकडा वाढलेला दिसतो आणि मग डोस उगाचच वाढवला जातो. गोळी घेऊनही आकडा हलत नाही असं दिसलं, की पहिली चौकशी चहाची करावी. तेव्हा ‘नरणा कोठे’ लिहून न थांबता ‘चा पहेलां, एकला पाणी साथे, पछी अडधो कलाक कंई खावुं-पीवुं नहीं’ असं पुढे लिहावं लागतं. अर्धा तास की एक तास, हे डॉक्टर सांगतील ते. शिवाय कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर ती या गोळीपासून चार तास लांब ठेवायची असते. त्या गोळ्या बपोरे जेवणानंतर ठेवल्या की हे अंतर आपोआप पडतं.

त्यात आजी नवकारशी करत असतील तर सूर्योदयानंतर 48 मिनिटं होईपर्यंत पाणीही घेणार नाहीत. मुंबईत जानेवारीत सूर्य सव्वासातच्या थोडा आधी उगवतो, म्हणजे नवकारशी पारायला, ते व्रत सोडायला, आठ वाजतात. मग गोळी आठला, चहा साडेआठनंतर, नाश्ता त्यापुढे. जूनमध्ये हेच सगळं तासाभरानं अलीकडे सरकतं. इथेही घड्याळापेक्षा ‘नवकारशी पारीने तरत’ एवढे शब्द जास्त कामाचे, कारण तो क्षण त्या रोज स्वतः नीट पाहत असतात.

मेटफॉर्मिनच्या नावापुढचं ‘एसआर’ हे भाषांतरात हमखास गळतं. ही गोळी हळूहळू विरघळावी म्हणून तशी बांधलेली असते. ती चावली किंवा कुटली, तर दिवसभरात उतरायचं औषध एकदम उतरतं. मोठी गोळी घशाखाली जात नाही म्हणून ती कुटून घेणं वृद्धांमध्ये नेहमीचं आहे, तेव्हा ही सूचना गाळून चालत नाही: ‘आखी गळवी. चाववी नहीं, भांगवी नहीं.’ मराठी माणसाच्या कानाला इथे ‘गळवी’ खटकतं, कारण आपल्याकडे नळ गळतो आणि गोळी गिळली जाते. गुजरातीत गोळी गळतातच. घशात अडकतच असेल तर ‘गळाती नथी’ अशी तक्रार कानावर येईल. तेव्हा ती डॉक्टरांना सांगायची, गोळीचे तुकडे सुचवायचे नाहीत.

आता चौथी ओळ, जिच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवावा अशी.

मेथोट्रेक्सेट संधिवातात आठवड्यातून एकदाच घेतात. ते चुकून रोज घेतलं गेल्यानं रक्तपेशी तयार होण्याचं काम थंडावतं आणि माणसं दगावलेलीही आहेत. गुजरातीत ‘अठवाडियामां एक वार’ हे याचं व्याकरणशुद्ध भाषांतर आहे, आणि मी ते एकटं कधीही लिहू देणार नाही. ‘वार’ म्हणजे वेळा, ‘वार’ म्हणजे सोमवार-मंगळवारातला वार, आणि ‘वार लागी’ म्हणजे उशीर झाला. शिवाय बाकी तिन्ही ओळी रोजच्या असताना चौथीही रोजचीच वाचली जाते, डोळा त्या वळणावर गेलेला असतो. म्हणून वाराचं नाव लिहायचं, आणि कोणता वार ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं. ‘सोम’ शक्यतो नको, कारण सवार आणि सांज यांच्याशी पहिलं अक्षर सारखं. शुक्र आणि शनि एकमेकांत मिसळतात. बुध वेगळा उठून दिसतो. ‘फक्त बुधवारे. 3 गोळी, एकसाथे. बीजा कोई दिवसे नहीं.’ ‘बुधवारे ज’ मधला ‘ज’ म्हणजे आपला ‘च’. अर्थानं पुरेसा आहे, पण एका अक्षरावर जीव टांगू नये, म्हणून तीच गोष्ट नकारातूनही सांगायची. फॉलिक अॅसिड दिलं असेल तर त्याचा वार स्वतंत्र ओळीत.

याहून मोठा धोका गोळीला दिलेल्या नावात असतो. थायरॉइडनी, डायाबिटीसनी, कोलेस्टेरॉलनी, तशी ‘दुखावानी गोळी’ असं घरातलं कुणीतरी सहज लिहून टाकतं. दुखण्याची गोळी म्हटल्यावर माणूस दुखलं की घेणार. गुरुवारी गुडघा धरला तर गुरुवारी घेणार, शुक्रवारी पुन्हा. हे औषध दुखणं तात्काळ थांबवणारं नाहीच. तेव्हा तिला ‘संधिवानी, अठवाडियानी गोळी’ म्हणावं. पॅरासिटामॉल असेल तर ‘दुखावानी’ हे नाव फक्त त्याच्यासाठी राखून ठेवावं आणि तिथेही ‘जरूर पडे तो’ एवढ्यावर भागवू नये. काय झालं तर घ्यायची, पुन्हा घ्यायची तर किती तासांनी, आणि दिवसाला जास्तीत जास्त किती, या तिन्ही गोष्टी डॉक्टरांकडून घेऊन लिहाव्यात. मेथोट्रेक्सेटच्या ओळीखाली आणखी एक वाक्य असावं: ‘मोंमां चांदां पडे के ताव आवे तो गोळी लेतां पहेलां डॉक्टरने फोन करजो’. तोंड येणं ही बऱ्याचदा जास्त औषध जात असल्याची पहिली दिसणारी खूण असते, आणि घरात ती पोटातल्या उष्णतेवर ढकलली जाते.

आकड्यांचा घोळ मराठी-गुजरातीच्या सीमेवर फार होतो, कारण दोन्ही भाषा इतक्या जवळच्या आहेत की सावध राहायचं सुचतच नाही. मराठीत ‘एक चमचा औषध’ म्हटलं की डोळ्यासमोर छोटा चमचा येतो. गुजरातीत छोटी ती ‘चमची’ आणि ‘चमचो’ म्हणजे मोठा, वाढायचा. ‘एक चमचो’ लिहिलं तर 5 मिलिलिटरच्या जागी तिप्पट जाऊ शकतं. सरळ बाटलीबरोबरच्या मापाच्या झाकणावर 5ची रेघ पेनानं गडद करून द्यावी आणि कागदावर ‘ढांकणमां आ लीटी सुधी’ लिहावं. ‘दर सहा तासांनी’ हे ‘दर छ कलाके’ होतं, पण त्यातला ‘दर’ सुटला तर उरतं ‘छ कलाके’, आणि लग्नपत्रिकेत असतं तसं त्याचा अर्थ होतो सहा वाजता. म्हणजे दिवसाच्या चार मात्रांची एकच झाली. अर्ध्या गोळीसाठी 1/2 लिहू नये, ते ‘एक किंवा दोन’ असं वाचलं जातं. ‘अडधी’ असं अक्षरात लिहावं. 1.5 मधला टिंब पुसट झाला की पंधरा होतात, तिथे ‘दोढ’. पाव गोळीला ‘पा’. जुन्या पिढीनं लहानपणी पावकी-निमकीचे आंक घोकलेले असतात, हे शब्द त्यांना अपूर्णांकापेक्षा कितीतरी जवळचे. गुजराती लिपीतला पाचाचा आकडा तर त्यांच्याच ‘प’ अक्षरासारखा दिसतो, म्हणून आकडा आणि त्याचा शब्द दोन्ही शेजारी ठेवावेत. डोळ्यात थेंब असतील तर आणखी एक गंमतशीर सारखेपणा नडतो. ‘जमणी’ म्हणजे उजवी आणि ‘जम्या’ म्हणजे जेवल्यावर. घाईच्या अक्षरात ‘जमणी आंखमां’ आणि ‘जम्या पछी’ एकाच ओळीत आले, की वाचणारा अडखळतो. दोन ओळी कराव्यात.

वाक्याचा सूर हाही डोसाइतकाच महत्त्वाचा वाटतो मला. ‘भोजन पश्चात’, ‘सप्ताहमां’, ‘मध्याह्ने’ असले शब्द सरकारी फलकावर शोभतात. घरात जेवतात ते ‘जमे छे’, आणि आठवडा असतो ‘अठवाडियुं’. आज्ञार्थ ‘लो’ रोखठोक लागतो, ‘लेवी’ कोरडं. ‘लेजो’ मध्ये आर्जव आहे, वडिलधाऱ्यांशी बोलताना लेकीसुना जसं बोलतात तसं, आणि ते समजायलाही सोपं आहे. नकार मात्र मऊ करू नये. ‘नहीं’ ओळीच्या शेवटी येतं आणि कागद अरुंद असला तर ते पुढच्या ओळीत एकटं पडतं. मग वरची ओळ ‘आ दिवसे गोळी लेवी’ अशी उलटीच उरते. नकाराचं पूर्ण वाक्य एकाच ओळीत बसेल इतकं छोटं हवं.

तेव्हा आजींचा कागद, डॉक्टरांनी होकार दिल्यानंतर, असा होतो. नवकारशी पारीने तरत, चा पहेलां: थायरॉइडनी 1 गोळी, एकला पाणी साथे. नास्ता पछी: डायाबिटीसनी 1 गोळी, आखी गळवी. सांजे, सूरज आथमे ते पहेलां, जम्या पछी: डायाबिटीसनी 1 गोळी, कोलेस्टेरॉलनी 1 गोळी. आणि खाली रेघ मारून, वेगळ्या चौकटीत: फक्त बुधवारे, संधिवानी 3 गोळी. औषधानुसार ओळी पाडल्या नाहीत, वेळेनुसार पाडल्या आहेत. त्या सकाळी उठून ‘मेटफॉर्मिन कधी’ असा विचार करत नाहीत, ‘आता काय घ्यायचं’ असा करतात. ‘दिवसमां बे वार बे-बे गोळी’ यासारखं वाक्य वाचून दाखवता येतं, पण त्यातून गोळ्या मोजता येतीलच असं नाही. 2006 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वाचनाची सवय कमी असलेल्या रुग्णांपैकी सुमारे 71 टक्के लोकांनी ‘दोन गोळ्या दिवसातून दोनदा’ ही सूचना बरोबर सांगितली. मात्र दिवसाच्या चार गोळ्या मोजून दाखवणारे त्यांच्यातले जेमतेम 35 टक्के निघाले.

म्हणून कागद देऊन ‘समज्यां ने?’ असं विचारण्याला अर्थ नाही, त्याला उत्तर ‘हा’ हेच येतं. पट्ट्या समोर ठेवाव्यात आणि म्हणावं, बा, जरा बतावो, सांजे शुं शुं लेशो? हातानं गोळ्या बाहेर काढू द्याव्यात. मेथोट्रेक्सेटसाठी तर उलटं विचारावं: ‘गुरुवारे आ गोळी लेशो?’ आणि उत्तरादाखल ‘ना’ ऐकू येईपर्यंत पुढे जाऊ नये. विचारताना ‘काले’ हा शब्द टाळावा. आपल्या कानाला तो ‘काल’ वाटतो, पण गुजरातीत ‘काले’ म्हणजे काल आणि उद्या दोन्ही. ‘काले लीधी’ आणि ‘काले लईश’ यांत फरक क्रियापदावर असतो, आणि म्हातारं माणूस शेवटचं क्रियापद अर्धवट गिळत असेल तर चुकलेली मात्रा घ्यायची राहिली आहे की काल घेऊन झाली आहे, हे कळायला मार्ग उरत नाही. ‘गई काले’ आणि ‘आवती काले’ म्हणावं, नाहीतर सरळ वाराचं नाव घ्यावं.

पुढच्या महिन्यात दुकानदाराकडून दुसऱ्या कंपनीची गोळी आली की रंग बदलतो, आणि ‘पेली धोळी गोळी’ या ओळखीवर चाललेलं घर गोंधळतं. रंगावर भिस्त ठेवून कागद लिहूच नये. औषधाचं मूळ नाव पट्टीवर आहे तसं इंग्रजी अक्षरांतच गुजराती ओळीच्या शेजारी उतरवून द्यावं, म्हणजे नातवाला किंवा दुकानदाराला ते पट्टीशी ताडून पाहता येतं. कागदाच्या डोक्यावर तारीख हवीच. डोस बदलला तर जुन्या कागदावर खाडाखोड करत बसू नये, नवा लिहावा, आणि जुना तिथल्या तिथे परत मागून घेऊन फाडावा. एकाच पिशवीत दोन कागद असले, की जो जास्त वापरून ओळखीचा झालेला असतो तोच आधी हाताला लागतो.